ग्रहणाची सावली आणि गरोदर सुनेचा उपास

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

येत्या होळीच्या पौर्णिमेला, ३ मार्चला, चंद्रग्रहण आहे. त्यानिमित्त गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एक चौकट आली : ‘ग्रहणात काय करावे, काय टाळावे’. वेध लागल्यावर जेवू नये, शिजलेले अन्न टाकून द्यावे, गरोदर स्त्रियांनी चिरू-कापू नये, झोपू नये, बाहेर पडू नये. एकतीस वर्षे चाळीसगाव तालुक्यात विज्ञान शिकवले. ही चौकट वाचून गप्प बसवले नाही, म्हणून लिहिते आहे.

गेल्या भाद्रपद पौर्णिमेला, ७ सप्टेंबर २०२५ ला, मी माझ्या भाचीच्या सासरी होते. तिला सातवा महिना होता. पंचांगाप्रमाणे दुपारी एकच्या सुमारास वेध लागले आणि तिचे ताट उचलले गेले. ग्रहण रात्री दहाच्या आसपास लागणार आणि दीडच्या सुमारास सुटणार. म्हणजे बारा तास पोटात अन्न नाही, आणि रात्री ग्रहण लागल्यावर पाण्याचा घोटही नाही. खोलीचे दार-खिडकी बंद, बाई पाटावर ताठ बसलेली. साडेअकराला तिला घेरी आली. मी तिला साखर-पाणी पाजले, तेव्हा तिच्या सासूबाई रडायला लागल्या. ‘मी काय तिनी वैरी शे का?’ असे म्हणाल्या. नाहीत, अजिबात नाहीत. सुनेवर लेकीसारखी माया करणारी ती बाई आहे. तिने स्वतःही तीन बाळंतपणांत हेच सोसले होते. ती वागली ते भीतीपोटी, आणि ती भीती आपण सगळ्यांनी मिळून तिच्यात घातली आहे. म्हणूनच मला हे पत्र तिच्याविरुद्ध नव्हे, तिच्यासाठी लिहायचे आहे.

चंद्रग्रहणात आकाशात घडते ते एवढेच : सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एका रेषेत येतात आणि चंद्र पृथ्वीच्या सावलीतून जातो. चंद्राची कक्षा सुमारे पाच अंशांनी कललेली आहे, म्हणून प्रत्येक पौर्णिमेला हे होत नाही. चंद्राला स्वतःचा उजेड नाही. त्याच्यावर पडणारे ऊन अडले की तो काळवंडतो. पृथ्वीच्या वातावरणातून वाकून गेलेला तांबूस उजेड त्याच्यावर पडतो, म्हणून खग्रास चंद्र तांब्याच्या तव्यासारखा दिसतो. त्यातून नवीन असे काहीही आपल्याकडे येत नाही. येणारे चांदणे तेवढे कमी होते. चांदणे कमी झाल्याने वरण-बट्टी नासत असेल, तर दर अमावास्येला खानदेशातली प्रत्येक चूल नासायला हवी. अन्न आंबते ते उकाड्याने, ओलाव्याने, उघडे राहिल्याने आणि वेळ गेल्याने. सप्टेंबरच्या दमट हवेत दुपारचे वरण रात्री दीडपर्यंत तसेच ठेवले, तर ते खराब होईलच. ग्रहण असो वा नसो, त्यावर ठेवलेले तुळशीचे पान ते थांबवू शकत नाही.

आता वेधांचे पाहा. चंद्रग्रहणाआधी तीन प्रहर, म्हणजे नऊ तास, वेध मानतात. त्या दिवशी दुपारी एकला चंद्र कुठे होता? आपल्या पायाखाली, पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला. पौर्णिमेचा चंद्र संध्याकाळीच उगवतो. सावलीपासून तो तेव्हा जवळपास तीस हजार किलोमीटर लांब होता, त्याच्यावर लख्ख ऊन होते. सावलीत न शिरलेल्या आणि आपल्या आकाशातही नसलेल्या चंद्रासाठी एका गरोदर बाईचे ताट उचलले गेले.

आणखी एक गोष्ट मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगते. १४ मार्च २०२५ ला, धुलिवंदनाला, खग्रास चंद्रग्रहण होते. आपल्याकडे भर दुपारी बारा ते एकच्या दरम्यान चंद्र पूर्ण सावलीत होता. आपण काय करत होतो? रंग खेळून पुरणपोळी जेवत होतो. ग्रहण भारतातून दिसणार नव्हते म्हणून पंचांगानेही ते पाळायला सांगितले नव्हते. कुणाच्या पोटात दुखले नाही, कुणाच्या गर्भाला काही झाले नाही. चंद्र तोच, सावली तीच. मग सप्टेंबरात ते ग्रहण फक्त दिसले म्हणून जेवणात विष कसे कालवले गेले?

ग्रहणात चिरल्याने बाळाचा ओठ फाटतो, या समजाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तिथे दुःख सर्वांत जास्त आहे. बाळाचा वरचा ओठ गर्भारपणाच्या साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, टाळू त्यानंतर थोड्याच दिवसांत. सातव्या महिन्यात विळीवर भेंडी चिरल्याने जुळलेला ओठ पुन्हा फाटत नाही. काही कुटुंबांत आनुवंशिकता असते, आईच्या आहारात फॉलिक अ‍ॅसिड कमी पडलेले असते, तंबाखू किंवा काही औषधे कारण ठरतात. बऱ्याचदा कारण सापडतही नाही. माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. त्याची आई पालकसभेला तोंडाला पदर लावून मागे बसायची. नंतर कधीतरी तिने सांगितले, ‘बाई, घरचे म्हणतात, तू गिरानात कोथिंबीर निवडली.’ अकरा वर्षे ती हे ऐकत होती. मुलाचे ऑपरेशन झाले, तो आता नीट बोलतो, नोकरीही करतो. आईच्या डोक्यावरचा आरोप मात्र कुणी काढला नाही.

हे सगळे आपल्या मातीला परके आहे, असेही कुणी म्हणू नये. सूर्याला चंद्र झाकतो आणि चंद्राला पृथ्वीची मोठी सावली, हे आर्यभटाने पंधराशे वर्षांपूर्वी श्लोकात सांगितले. आमच्या चाळीसगावजवळ पाटणादेवीला जो शिलालेख आहे, तो भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचा आहे. त्या मठाला इथल्या निकुंभ राजाने दान दिले ते १२०७ साली, श्रावण पौर्णिमेच्या चंद्रग्रहणाला. ‘सिद्धान्तशिरोमणी’त चंद्रग्रहण आणि सूर्यग्रहण यांचे गणित स्वतंत्र प्रकरणांत आहे. ग्रहणाच्या घटका मोजायला शिकवणारी शाळा आमच्या डोंगरात होती, आणि आमच्याच घरांत आज त्या घटकांची धास्ती आहे. याचे मला फार वाईट वाटते.

एक खबरदारी खरी आहे आणि ती मी जोर देऊन सांगते. सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी, काळ्या चष्म्यातून, एक्स-रेच्या फिल्ममधून किंवा पाण्याच्या परातीतल्या प्रतिबिंबात पाहू नये. डोळ्याचा पडदा जळतो आणि जळताना दुखतही नाही. २ ऑगस्ट २०२७ ला आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण दिसेल, तेव्हा प्रमाणित ग्रहणचष्मेच वापरावेत. चंद्रग्रहणाला तेवढीही काळजी लागत नाही.

३ मार्चला ग्रहण दुपारी तीन-वीसच्या सुमारास लागेल तेव्हा चंद्र आपल्या क्षितिजाखाली असेल. संध्याकाळी साडेसहाच्या पुढेमागे तो पूर्वेला उगवेल तो सुटत आलेल्या ग्रहणासह, आणि पावणेसातनंतर लगेच मोकळा होईल. या पाव तासासाठी सकाळपासून लेकरांना, मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांना आणि गरोदर बायकांना उपाशी ठेवू नये. आपण ती चौकट छापलीत, तेवढ्याच जागेत ही माहिती आणि सावलीची एक साधी आकृती त्या दिवशीच्या अंकात छापावी, ही विनंती. त्या संध्याकाळी मी गावाबाहेरच्या शेतात, जिथे पूर्वेकडे झाडे नाहीत, तिथे उभी असेन. भाची येणार आहे, बाळ कडेवर घेऊन, आणि तिच्या सासूबाईंनाही मी बोलावले आहे.

घरातल्या माणसांची ओळख उघड होऊ नये म्हणून माझे नाव छापू नये.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
चाळीसगाव, जि. जळगाव
२० फेब्रुवारी २०२६