«पार्सल गोदामात अडकलं आहे»: स्क्रीनशॉटमध्ये काय काय खटकतं

नाशिकरोड भागातल्या बऱ्याच जणांच्या फोनवर आलेल्या मेसेजचा स्क्रीनशॉट वर दिला आहे. पाठवणाऱ्याच्या नंबरचे शेवटचे आकडे झाकले आहेत. लिंक जशीच्या तशी ठेवली आहे. ती नुसती वाचा, उघडून बघू नका. मजकूर असा:

```
+63 9•• ••• ••••
प्रिय ग्राहक, तुमचे पार्सल गोदामात आगमन झाले आहे.
अपूर्ण पत्ता माहितीमुळे दोनदा वितरण अयशस्वी.
कृपया 12 तासांच्या आत पत्ता अद्यतन करा,
अन्यथा पार्सल परत केले जाईल.
https://indiapost.gov.in-nsk422.top/in
(Y उत्तर द्या, संदेश बंद करून पुन्हा उघडा)
```

नंबर. +63 हा फिलिपाइन्सचा कोड आहे. नाशिकरोडचं टपाल मनिलाहून कोण कळवणार? आपल्याकडे बँक, टपाल खातं, कुरिअर यांचे एसएमएस मोबाइल नंबरावरून येत नाहीत, नोंदवलेल्या नावावरून येतात: आधी दोन अक्षरं, मग आडवी रेघ, मग संस्थेचं छोटं नाव आणि शेवटी -S, -T, -P किंवा -G. त्यात P म्हणजे जाहिरात आणि G म्हणजे सरकारी. शिवाय १ ऑक्टोबर २०२४ पासून असा एसएमएस त्यातली लिंक आधी नोंदवलेली नसेल तर पुढे जाऊ दिला जात नाही. म्हणून भामटे परदेशी नंबर, आयमेसेज, व्हॉट्सॲप अशा आडवाटा धरतात. तरी नाव नीट दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका, लिंक तपासायचीच.

लिंक. सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथे, कारण डोळा सुरुवातीला `indiapost.gov.in` वाचतो आणि थांबतो. वाचायचं उलट्या बाजूनं. `https://` नंतरची पहिली तिरपी रेघ शोधा आणि तिथून डावीकडे या: `.top`, त्याआधी `in-nsk422`. खरा मालक `in-nsk422.top`. त्याच्या डावीकडचं सगळं तो मालक मनाला येईल तसं लिहू शकतो. टपाल खात्याच्या पत्त्यात `indiapost.gov.in` नंतर लगेच तिरपी रेघ येते किंवा पत्ता तिथेच संपतो. इथे `in` ला चिकटून आडवी रेघ आली, तिथेच भांडं फुटलं. `https` आणि कुलपाचं चित्र यांचा अर्थ एवढाच की मधल्या वाटेत कुणी डोकावू शकत नाही. पलीकडे चोर बसला असेल तरी कुलूप दिसतंच.

«Y उत्तर द्या». आयफोनवर अनोळखी नंबरावरून आलेली लिंक दाबता येत नाही, उत्तर दिलं की ती चालू होते. म्हणजे फोननं लावलेली कडी तुमच्याच हातून काढून घेतात. वर नंबर चालू आहे हेही त्यांना कळतं. गंमत म्हणून शिवी पाठवली तरी तेच होतं.

जे लिहिलंच नाही, तेही पाहा. नाव नाही, पाठवणारा कोण ते नाही, पार्सल क्रमांक नाही. स्पीड पोस्टचा क्रमांक तेरा अक्षरी असतो: दोन अक्षरं, नऊ आकडे, शेवटी IN. पत्ता अपुरा होता तर दोनदा वाटपाला गेले कुठे? «आगमन झाले आहे», «अद्यतन करा» हे यंत्राचं मराठी आहे, पण या खुणेवर फार विसंबू नका. पुढचा मेसेज शुद्ध मराठीतही येऊ शकतो. १२ तासांची घाई मात्र बहुतेक प्रत्येक नमुन्यात असते, कारण उद्यापर्यंत वेळ मिळाला तर माणूस टपाल कार्यालयात जाऊन विचारेल.

लिंकपुढची पायरी स्क्रीनशॉटमध्ये नाही, पण ठरलेली आहे. पत्ता भरून घेतात आणि «पुन्हा वाटपाचे» २५ रुपये कार्डानं मागतात. रक्कम मुद्दाम किरकोळ. हवा असतो तो कार्ड नंबर, मुदत आणि सीव्हीव्ही. त्यावर तिकडे मोठी खरेदी लावतात आणि ओटीपी तुमच्याकडून टाकून घेतात. ओटीपीच्या मेसेजमध्ये खरी रक्कम आणि दुकानाचं नाव बहुधा लिहिलेलं असतं. लोक सहा आकडे तेवढे उचलतात.

बँकेच्या नावानं येणारा भाऊ असाच: «केवायसी अपूर्ण, आज रात्री खातं बंद». त्यात लिंकऐवजी `.apk` फाइल असेल तर प्रकरण जास्त वाईट. ती टाकली आणि एसएमएस वाचायची परवानगी दिली की ओटीपी परस्पर निघून जातो, तुम्हाला विचारावंही लागत नाही. रिझर्व्ह बँकेनं बँकांना संकेतस्थळं `.bank.in` वर न्यायला सांगितलं आहे, तेव्हा शेवट तोच आहे का ते पाहा.

फक्त मेसेज आला असेल तर `sancharsaathi.gov.in` वर «चक्षू» मध्ये कळवा, मग ब्लॉक करा. कार्डाची माहिती भरली असेल तर कार्डामागच्या नंबरावर फोन करून ते आधी बंद करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० लावा, तक्रार `cybercrime.gov.in` वर नोंदवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी पकडता येतात, म्हणून इथे मिनिटं मोजायची. फाइल टाकली असेल तर आधी फोनचं नेट बंद आणि बँकेला फोन दुसऱ्या मोबाइलवरून. स्क्रीनशॉट पुसू नका, तक्रारीला तोच जोडायचा आहे.