निराधार अनुदान फेरतपासणी प्रणाली: वापरापूर्वीचे परिणाम मूल्यमापन व जाहीर अहवाल

तहसील कार्यालय, संजय गांधी योजना शाखा
मूल्यमापनाचा काळ: ३ नोव्हेंबर ते १९ डिसेंबर २०२५
जाहीर केल्याची तारीख: ५ जानेवारी २०२६
स्थिती: प्रणाली अद्याप सुरू केलेली नाही

हा अहवाल कशासाठी

आपल्या तालुक्यात संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे ६,८४० लाभार्थी आहेत. त्यांच्यातले अपात्र, मयत किंवा दोनदा नोंदलेले लाभार्थी शोधण्यासाठी एका खासगी कंपनीने संगणकीय प्रणाली तयार करून दिली आहे. प्रत्येक लाभार्थ्याला ती ० ते १०० गुण देते. जितके गुण जास्त, तितका अपात्रतेचा संशय जास्त. मूळ प्रस्ताव असा होता की ७० च्या वर गुण आले की अनुदान आपोआप थांबवायचे आणि लाभार्थ्याने कागदपत्रे आणून पात्रता सिद्ध केली की पुन्हा सुरू करायचे.

दिव्यांग सोडून इतरांना मिळणारी दरमहा दीड हजार रुपये ही रक्कम कार्यालयातल्या कोणालाही मोठी वाटत नाही. ज्या घरात ती एकमेव ठरलेली आवक असते, तिथे दोन महिने पैसे आले नाहीत तर किराणा दुकानदार उधारी बंद करतो. म्हणून प्रणाली सुरू करण्याआधी हे मूल्यमापन करायचे ठरवले. असे मूल्यमापन आपल्याकडे कायद्याने बंधनकारक नाही. कॅनडाच्या केंद्र सरकारने २०१९ साली स्वयंचलित निर्णयांसाठी निर्देश काढला. त्यानुसार प्रणाली वापरात येण्याआधी ठरलेली प्रश्नावली भरावी लागते, परिणामाच्या तीव्रतेप्रमाणे चारपैकी एक स्तर ठरतो आणि निष्कर्ष लोकांसमोर ठेवावा लागतो. ती पद्धत समोर ठेवून आम्ही प्रश्न आपल्या कामाप्रमाणे नव्याने मांडले.

समितीत नायब तहसीलदार, शाखेचे अव्वल कारकून, दोन तलाठी, पंचायत समितीचे एक विस्तार अधिकारी, एकल महिलांसाठी काम करणाऱ्या एक कार्यकर्त्या आणि योजनेचे एक दिव्यांग लाभार्थी होते. कंपनीचे प्रतिनिधी तीन बैठकांना हजर होते, त्यांना मत नव्हते.

प्रणाली नेमके काय पाहते?

ती चार ठिकाणची माहिती जुळवते: मृत्यू नोंदवही, शिधापत्रिका, सातबारा आणि वाहन नोंदणी. आधार क्रमांक जिथे जोडलेला आहे तिथे त्यावरून, नाही तिथे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि गाव यांवरून. गुण कसे पडतात हे कंपनीने आधी सांगितले नाही, ते व्यापारी गुपित असल्याचे कळवले. समितीने लेखी उत्तर दिले की एखाद्या बाईचे अनुदान का थांबले हे ज्या कार्यालयाला सांगता येत नाही, त्याने ते थांबवू नये. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात कलम ४ प्रमाणे प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला देणे हे कार्यालयाचे कर्तव्यच आहे. त्यानंतर कोणत्या बाबीला किती गुण, हा तक्ता मिळाला. तो या अहवालासोबत तहसील कार्यालयाच्या फलकावर लावला आहे.

कोणाला चुकीचे पकडते?

या प्रश्नावर सर्वांत जास्त वेळ गेला आणि या अहवालाचा गाभाही हाच आहे.

७० च्या वर गुण असलेले ४१२ लाभार्थी निघाले. त्यांतली सर्वाधिक गुणांची ६० प्रकरणे आम्ही घेतली आणि दोन तलाठ्यांनी प्रत्येक घरी जाऊन पाहिले. ९ प्रकरणांत लाभार्थी खरोखर अपात्र किंवा मयत होते. ११ ठिकाणी भलत्याच माणसाशी नाव जुळले होते. ६ ठिकाणी घर बंद होते. उरलेल्या ३४ प्रकरणांत कारण एकच होते: सातबारा.

एक फाइल सविस्तर सांगतो. अठ्ठावन्न वर्षांच्या विधवा, डोंगराकडच्या एका वाडीत दीराच्या पडवीत राहतात. संगणकाच्या पडद्यावर त्यांच्या नावापुढे `LAND_HA: 3.20` असे दिसत होते, गुण ८८. सातबारा काढला तर क्षेत्र ३ हेक्टर २० आर बरोबरच होते, पण भोगवटादार म्हणून अकरा नावे. पतीच्या निधनानंतर वारस नोंद झाली तेव्हा त्यांचे नाव लागले. वाटप झालेले नाही. सगळ्यांचे हिस्से सारखे धरले तरी त्यांच्या वाट्याला २९ आर येतात, आणि तेही पडीक. प्रणालीने मात्र पूर्ण क्षेत्र अकराही जणांच्या नावावर एकेकदा मोजले. तलाठ्यांनी बाईंना विचारले, जमीन कुठे आहे ठाऊक आहे का. त्या म्हणाल्या, "नाव लागलंय म्हनं. बांधावर काई कुनी उभं करत न्हाई."

अशा ३४ पैकी २९ जणी विधवा आहेत आणि हा योगायोग नाही. नवरा गेला म्हणून बाई या योजनेत येते, आणि नवरा गेला म्हणूनच तिचे नाव वारस म्हणून सातबाऱ्यावर चढते. योजनेसाठी पात्र करणारी घटनाच प्रणालीने तिच्याविरुद्धचा पुरावा धरली. गुणांची रेषा ७० वरून ८० वर नेल्याने हा दोष जात नाही. कंपनीने तसे सुचवले होते, पण वरची फाइल ८८ ची आहे.

नावांचा घोळ वेगळा आहे. मृत्यू नोंदवहीतली जुनी नावे इंग्रजी स्पेलिंगवरून परत मराठीत आणलेली आहेत. त्यात एका गावच्या दोन चुलत जावा, दोघींचे नाव तेच, आडनाव तेच, नवऱ्यांची नावे एका अक्षराने वेगळी. एक वारली, दुसरीला ९४ गुण. "बाई" कुठे लागलेले, कुठे नाही, कुठे माहेरचे नाव. हे लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या वाट्यालाच जास्त येते.

तेलंगणात समग्र वेदिका या प्रणालीने अशीच माहिती जुळवली आणि दुसऱ्याची गाडी आपल्या नावावर दिसल्याने शिधा नाकारला गेल्याची प्रकरणे समोर आली. रद्द झालेल्या शिधापत्रिकांची जागेवर जाऊन फेरतपासणी करायला सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावे लागले. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्यात फसवणुकीचा खोटा ठपका बसलेल्या हजारो कुटुंबांच्या प्रश्नावरून जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या सरकारने राजीनामा दिला. दोन्हीकडे आधी लाभ थांबला, चौकशी मागाहून झाली.

कोणाला सोडून देते?

कमी गुणांची ४० प्रकरणे चिठ्ठ्या टाकून काढली. त्यात दोन लाभार्थी मयत निघाले. मृत्यू गावीच झाला, नोंद कोणी केली नाही. प्रणालीला ते दिसणे शक्यच नव्हते. दरवर्षीच्या हयातीच्या दाखल्याचे काम प्रणाली आल्याने कमी होईल असे प्रस्तावात लिहिले होते, ते समितीला मान्य नाही.

नोटीस पोहोचते का?

घर बंद असलेल्या सहापैकी चार कुटुंबे ऊसतोडीला गेलेली होती. दसरा-दिवाळीनंतर गेलेला माणूस मार्च-एप्रिलला परततो. पंधरा दिवसांची मुदत असलेली नोटीस नोव्हेंबरात दारावर चिकटवली, तर ती वाचायला दारात कोणी नसते. ऑस्ट्रेलियातल्या रोबोडेट प्रकरणात वर्षाच्या कमाईची सरासरी पंधरवड्यावर पसरवली गेली आणि हंगामी, तुटक काम करणाऱ्यांवर खोटी देणी निघाली. चौकशी आयोगाने २०२३ च्या अहवालात त्यावर कडक ताशेरे ओढले. हंगामाने चालणारे जगणे ठरलेल्या तारखांत बसवले की असेच होणार.

परिणामाचा स्तर

चारपैकी तिसरा, म्हणजे तीव्र. चूक झाली तर माणसाचे पोटच अडते, आणि मागाहून थकबाकी मिळाली तरी मधले महिने भरून येत नाहीत.

निर्णय

मूळ प्रस्ताव नामंजूर. पुढील अटींवर सहा महिन्यांसाठी मर्यादित वापराला समितीची शिफारस आहे, आणि मा. तहसीलदारांनी ती मान्य केली आहे.

सातबाऱ्याची बाब पूर्ण बंद राहील. हिस्सा मोजता येत नाही तोवर ती पुन्हा चालू करायची नाही. प्रणाली फक्त मृत्यू आणि दुबार नोंदीची यादी देईल. ती फेरतपासणीची यादी असेल, अपात्रांची नव्हे, आणि कार्यालयीन टिपणीतही "संशयित" हा शब्द वापरायचा नाही. तलाठ्याची गृहभेट, लाभार्थ्याचे म्हणणे आणि कारणांसह सहीचा आदेश या तीन गोष्टी झाल्याशिवाय एकही अनुदान थांबणार नाही. भेटीला जाणाऱ्या तलाठ्याला गुण दाखवायचे नाहीत. आकडा आधी पाहिला की डोळा तेच शोधतो, हे आमच्याच तलाठ्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. घर बंद असेल तर प्रकरण १५ मेपर्यंत तसेच राहील आणि अनुदान चालू राहील.

माहिती शाखेबाहेर जाणार नाही, कंपनीला ती दुसऱ्या कामासाठी वापरता येणार नाही. करार संपल्यावर ती पुसल्याचे लेखी द्यावे लागेल.

नोटिशीचा मजकूर असा ठरला आहे. तलाठी तो वाचून दाखवतील आणि प्रत हातात देतील:

"तुमचे अनुदान चालू आहे, बंद झालेले नाही. सरकारी नोंदीत तुमच्या नावासारखे नाव मृत्यू नोंदवहीत किंवा दुसऱ्या खात्यात आढळले. नोंद चुकीची असू शकते, म्हणून आम्ही घरी येऊन खात्री करत आहोत. तुम्हाला तहसीलला यायची गरज नाही. तुमचे म्हणणे तोंडी सांगा, तलाठी ते लिहून घेऊन तुम्हाला वाचून दाखवतील. निर्णय मान्य नसेल तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे दाद मागता येईल. त्याचा अर्जही तलाठीच लिहून देतील."

लोकांसमोर काय ठेवणार

दर महिन्याच्या ५ तारखेला एक पानी तक्ता तहसीलच्या फलकावर, संकेतस्थळावर आणि प्रत्येक ग्रामपंचायतीत लागेल. किती नावे यादीत आली, किती घरी भेट झाली, किती अनुदाने थांबली, चुकून थांबलेली किती आणि ती किती दिवसांत सुरू झाली, हे त्यात असेल. विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, आजारी असे वेगवेगळे आकडे दिले जातील, कारण एकूण आकड्यात २९ विधवा दिसल्या नसत्या. लाभार्थ्यांची नावे कुठेही लावायची नाहीत. गावात "हिचं नाव यादीत आलं" एवढेच पसरते, पुढे काय झाले ते कोणी विचारत नाही.

भेट दिलेल्या दर दहा प्रकरणांपैकी तीनहून अधिक चुकीची निघाली, तर त्या महिन्यापासून प्रणाली बंद. त्यासाठी वेगळ्या परवानगीची वाट पाहायची नाही. गुणांच्या तक्त्यात कंपनीने काहीही बदल केला तर हे मूल्यमापन पहिल्यापासून करावे लागेल.

हरकती

२३ जानेवारी २०२६ पर्यंत लेखी किंवा तोंडी हरकत नोंदवता येईल. तोंडी हरकती ग्रामपंचायत कार्यालयात तलाठी लिहून घेतील. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा अहवाल वाचला जाईल, तिथे आलेले प्रश्नही हरकती म्हणून धरले जातील. प्रत्येक हरकतीचे उत्तर फेब्रुवारीच्या तक्त्यासोबत लागेल. प्रणाली त्यानंतरच सुरू होईल.

नायब तहसीलदार (संजय गांधी योजना)
अध्यक्ष, मूल्यमापन समिती