तुझी पोस्ट, कापून

बाई गे,

तुझी पोस्ट काल रात्री वाचली आणि आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत पुन्हा वाचली. "दादा, जरा बारीक करून दे, खरं अर्थ जाऊ देऊ नको," असं म्हणालीस. बारीक केली. अर्थ मात्र थोडा गेलाय, कारण काही ठिकाणी तो नव्हताच. रागवू नको. आधी तुझंच तुला परत पाठवतो, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून बघता येईल:

"अत्यंत आनंदाने आणि भरून आलेल्या अंतःकरणाने कळवते की माझ्या आयुष्यातील एका नव्या पर्वाला सुरुवात झाली आहे! हा प्रवास सोपा नव्हता. एका गरीब शेतकऱ्याची मुलगी, येळ्ळूरसारख्या छोट्याशा खेड्यातली, मराठी माध्यमातून शिकूनसुद्धा आज एका नामांकित इंजिनिअरिंग कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून रुजू झाली आहे, यावर माझाच विश्वास बसत नाही. डिप्लोमा झाल्यावर अनेकांनी नाकारलं. 'मुलींना शॉपवर जमत नाही' असं तोंडावर सांगितलं. त्या सर्वांना माझं हे उत्तर आहे. दीड वर्ष दुकानात हिशेब लिहिताना मी स्वप्न सोडलं नाही. रोज पहाटे उठून, प्रवासाचा खर्च सोसून, ऊन-पाऊस न बघता मी अप्रेंटिसशिप पूर्ण केली. या संघर्षाने मला घडवलं. क्वालिटी हा केवळ विभाग नसून तो एक विचार आहे, एक संस्कार आहे. इथे आल्यावर रोज नवं शिकायला मिळतंय. पहिल्याच आठवड्यात माझ्याकडून एक चूक झाली, गरम पीस मोजून अकरा बॉडी रिजेक्टला टाकल्या, पण सिनियरनी समजावून घेतलं. माझे आई-वडील, गुरुजन, मित्रपरिवार, नातेवाईक आणि ज्ञात-अज्ञात सर्वांची मी ऋणी आहे. स्वप्नं बघा, झटा, यश तुमचंच आहे! ही तर फक्त सुरुवात आहे..."

त्याखाली अकरा हॅशटॅग. ते मी मोजले तेवढे, वाचले नाहीत.

आता एकेक. "गरीब शेतकऱ्याची मुलगी" पहिलं काढलं. हे आप्पांना वाचून दाखवशील काय? दोन एकर बासमती करणारा माणूस, गणपतीला अख्ख्या गल्लीला जेवायला घालतो. त्यांची गरिबी तू लिंक्डइनवर मांडलीस तर ते काही बोलणार नाहीत, खरं आठवडाभर ताटावरून अर्धपोटी उठतील. नम्र व्हायला घरच्यांना लहान करावं लागत नाही. येळ्ळूरला "छोटंसं खेडं" म्हणणंही तसलंच. राजहंसगडावर चढून एकदा खाली बघ, मग सांग केवढं आहे ते.

"मराठी माध्यमातून शिकूनसुद्धा" यातलं "सुद्धा" मला फार टोचलं. तू काय आणि मी काय, त्याच शाळेत त्रिकोणमिती शिकलो. बोअर गेजला माध्यम कळत नाही. आपल्याकडे भाषेवरून काय काय होतं ते तुला सांगायला नको, आपण त्यातच वाढलो. म्हणून तर आपल्याच भाषेची माफी मागितल्यासारखं वाक्य आपण लिहू नये.

"त्या सर्वांना माझं हे उत्तर" हे तर ताबडतोब. आपल्या बेळगावची उद्यमबाग केवढी आहे गे? ज्या माणसाने "मुलींना शॉपवर जमत नाही" म्हटलं, तो उद्या तुमच्याच गेटवर चहा पीत उभा असेल. परवा तुमच्याकडे सप्लायर म्हणून येईल आणि त्याचे पीस तूच मोजशील. हेच उत्तर झालं, ते लिहायची गरज नाही. त्याचं बोलणं बरोबर होतं असं मी म्हणत नाही. ते वेगळं लिही, पुढे कधी, पूर्ण, तो प्रसंग काय होता त्यासकट. नोकरीच्या बातमीत कोंबू नको.

"प्रवासाचा खर्च सोसून" वाचून मला हसू आवरेना. जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना साध्या बसला पैसे पडत नाहीत, कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो. तुझा डिप्लोमा झाला त्याच वर्षापासून. खाली पहिली कमेंट हीच येणार, आणि ती तुझ्याच वर्गातली कुणीतरी टाकणार. असं एक वाक्य खोटं निघालं की पहाटे उठण्याचं खरं वाक्यही लोक खोटं धरतात.

"क्वालिटी हा एक विचार, एक संस्कार." हे कॅन्टीनच्या भिंतीवर लावलेलं असतं. आमच्या चाकणच्या कारखान्यातही आहे, त्याच्याखाली डस्टबिन ठेवलाय.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते. तुझ्या पोस्टमध्ये सोनं एकाच ओळीत आहे आणि ती तू लाजून मधे लपवलीस: गरम पीस, अकरा बॉडी. फोनवर मला सांगितलंस तेव्हा वीस मिनिटं बोलत होतीस, इथे दीड ओळ. मी इंटरव्ह्यूला बसतो तेव्हा समोरचं पोरगं "मी मेहनती आहे, शिकायची तयारी आहे" म्हणतं आणि मी पुढचा कागद उचलतो. खरं एखादा म्हणाला, "मशीनवरून उतरलेली बॉडी तशीच गरम मोजली, बोअर मोठा दाखवला, नंतर थंड झाल्यावर बरोबर आला," तर मी पेन खाली ठेवतो. पन्नास मिलिमीटरचा बोअर पंधरा अंशांनी गरम असेल तर सात-आठ मायक्रॉन मोठा दिसतो, आणि मापं सगळी वीस अंशाला धरून असतात. हे पुस्तकात आहेच. खरं अकरा पीस लाल ट्रेमध्ये टाकून मग परत काढणारीला ते जन्मभर लक्षात राहतं. आणि तुझ्या सिनियरनी "समजावून घेतलं" असं काहीतरी गुळगुळीत लिहिलंस. मला तू वेगळं सांगितलं होतंस: ते काही रागावले नाहीत, पीस पालथ्या हातावर ठेवून म्हणाले, "इन्नोम्मे नोडव्वा." तेच लिही. आपल्याकडे कुणालाही त्याचा अर्थ सांगावा लागणार नाही, आणि पुण्याकडचा कुणी वाचेल तो विचारेल.

एक काळजी घे. बोअरचा नेमका साइज, टॉलरन्स, कुठल्या गिऱ्हाइकाचं काम, हे काहीही लिहायचं नाही. ते ड्रॉइंग तुमचं नाही, गिऱ्हाइकाचं आहे. मी वर पन्नासचा हिशेब केला तो तुला समजायला, पोस्टला नको. सीएमएमसमोरचा तो फोटोही नको. मागे टेबलावर ड्रॉइंग उघडं पडलंय, मी मोठं करून बघितलं, आकडे वाचता येतात. कंपनीचं नाव मजकुरात घालू नको, प्रोफाइलला भरलंस की पुरे. "नामांकित" हे विशेषण मग कुणाला लागतं?

आभाराचं काय केलं ते सांगतो. "ज्ञात-अज्ञात सर्व" म्हणजे कुणीच नाही. लग्नपत्रिकेत चालतं. तू दोनच माणसं ठेव, आणि प्रत्येकाने केलेली एक गोष्ट. वर्कशॉपच्या सरांनी शनिवारी दुपारी वर्कशॉप उघडं ठेवून तुला व्हर्निअर हातात दिला, ते मला माहीत आहे. आणि आई साडेपाचला डबा करते. बाकी नातेवाईकांना वगळलंस म्हणून राग आला तर सांग, दादालाही वगळलंय आणि त्यानेच वगळायला लावलं.

शेवटचं "स्वप्नं बघा, झटा" काढलं. तीन आठवड्यांची नोकरी आणि सहा महिने प्रोबेशन. अजून कुणाला उपदेश करायची पाळी आपली आली नाही. त्याऐवजी एक उपयोगाचं वाक्य घातलंय. डिप्लोमाच्या पोरी तुला अप्रेंटिसशिपचं विचारत असतातच, ते उघडपणे सांग.

आता हे वाच. शब्द तुझेच आहेत, बहुतेक फोनवरचे:

"या महिन्याच्या ३ तारखेपासून उद्यमबागेत क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून कामाला लागले. हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडी मशीनिंग झाल्यावर मोजायच्या, हे माझं काम. सहा महिने प्रोबेशन आहे.

२०२३ ला मेकॅनिकल डिप्लोमा झाला. मग दीड वर्ष खडेबाजारात एका दुकानात हिशेब लिहिला, त्यानंतर एक वर्ष अप्रेंटिस होते.

पहिल्याच आठवड्यात अकरा बॉडी रिजेक्टला टाकल्या. बोअर मोठा दिसत होता. पीस मशीनवरून नुकतेच उतरले होते, गरम होते. आमचे सिनियर एवढंच म्हणाले, 'इन्नोम्मे नोडव्वा.' तासाभराने पुन्हा मोजले, अकराही बरोबर निघाले. आता पीस हाताला थंड लागल्याशिवाय गेज लावत नाही.

डिप्लोमाला असताना वर्कशॉपच्या सरांनी शनिवारी दुपारी आमच्यासाठी वर्कशॉप उघडं ठेवलं, व्हर्निअर वाचायला मी तिथे शिकले. आई रोज साडेपाचला डबा करून देते, म्हणून येळ्ळूरहून पहिली बस मिळते.

डिप्लोमा झालेल्या मुलींना उद्यमबागेत अप्रेंटिसशिप कशी शोधायची हे विचारायचं असेल तर मला मेसेज करा. मी जिथे-जिथे अर्ज दिला ती यादी माझ्याकडे आहे, त्यात कुठून उत्तर आलं आणि कुठून नाही तेही लिहून ठेवलंय."

बस. हॅशटॅग एकही नको. लावायचाच असेल तर बेळगावचा एक लाव, त्यात बेळगाव की बेळगावी ते तू ठरव, मी त्या भांडणात पडत नाही.

"तासाभराने" हे मी अंदाजाने घातलंय, फोनवर तू "जेवून आल्यावर" म्हणाली होतीस. नेमका किती वेळ गेला ते बघून बदल. आणि सिनियरांना आधी दाखव. त्यांचं बोलणं टाकतोय, त्यांना चालतंय काय ते विचारायला पाहिजे. नको म्हणाले तर ते वाक्य काढून "पुन्हा मोज म्हणाले" एवढंच ठेव. त्याने पोस्ट थोडी फिकी होईल, चालेल.

आईला सांग, दिवाळीला येताना यंदा कुंदा मी आणणार नाही. पगार तुझा झालाय, तूच आण.

दादा