विषय: तुमच्या ३०,००० रुपयांचा हंगामभराचा हिशेब आणि आभार

६ एप्रिल २०२५

आदरणीय वैशालीताई,

सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबरमध्ये तुम्ही आईंच्या स्मरणार्थ ३०,००० रुपये पाठवलेत, तेव्हा पावतीसोबत दोन ओळींचे आभार कळवले होते. त्या वेळी सांगण्यासारखं काही घडलेलंच नव्हतं. आता ऊसतोडीचा हंगाम संपला, वस्तीवरची माणसं परत आली, वह्या-बिलं जुळवून झाली. म्हणून आता सविस्तर लिहितो.

यंदा कारखाने १५ नोव्हेंबरला सुरू झाले आणि २० तारखेला विधानसभेचं मतदान होतं. आमच्या पाटोदा तालुक्यातल्या या वस्तीवरच्या बहुतेक टोळ्या मतदान करूनच निघाल्या. मुकादमाकडून उचल घेतलेली असल्यामुळे जाणं टळत नाही. प्रश्न असतो तो पोरांना कुठे ठेवायचं हा. आजी-आजोबा असतात, पण साठी-सत्तरीच्या आजीला तीन-चार नातवंडांचं रोजचं करणं झेपत नाही. शाळेत दुपारचा पोषण आहार मिळतो. अडतं ते रात्रीच्या जेवणाशी. म्हणून आपण शाळेच्या मागच्या खोलीत संध्याकाळचा अभ्यास आणि रात्रीचं जेवण सुरू केलं. २५ नोव्हेंबर ते १२ मार्च, म्हणजे होळीच्या आदल्या दिवसापर्यंत, हे सलग १०८ दिवस चाललं. सुरुवातीला १७ मुलं होती.

तुमच्या रकमेतले १४,२०० रुपये किराण्याला गेले. डाळ, तांदूळ, तेल, मसाला, गूळ-शेंगदाणे. ज्वारी-बाजरी गावातूनच पायली-पायलीने जमली, त्यामुळे धान्याचा मोठा खर्च वाचला. रोजचा किराणा सरासरी ३५५ रुपयांचा झाला. त्या हिशेबाने तुमच्या पैशांतून बरोबर ४० दिवसांचा किराणा निघाला. उरलेल्या दिवसांचा इतर देणगीदारांनी उचलला. सगळा हंगाम तुमच्याच पैशांवर चालला असं लिहिणं ऐकायला बरं वाटलं असतं, पण ते खरं नाही. आणि ४० दिवस ही काही लहान गोष्ट नव्हे.

गॅसच्या चार टाक्यांना ३,३२० रुपये लागले. स्वयंपाक करणाऱ्या ताईंच्या मानधनातले ६,००० रुपये, म्हणजे दीड महिन्याचे, तुमच्या रकमेतून दिले. या ताईंबद्दल थोडं सांगायला हवं. त्या स्वतः अनेक हंगाम तोडीला गेलेल्या आहेत. डोक्यावर मोळ्या वाहून कंबर गेली, तरी मागच्या वर्षीपर्यंत जात होत्या. यंदा गावातच काम मिळालं म्हणून राहिल्या, आणि त्यांची सातवीतली मुलगीही राहिली. भाजीत मीठ कमी-जास्त झालं की पोरं त्यांना तोंडावर सांगतात, आणि त्याही पोरांना सोडत नाहीत. स्वयंपाकघरात शिस्त आहे ती त्यांच्यामुळे, आमच्यामुळे नाही.

तुम्ही लिहिलं होतं, 'जेवणाला वापरा, नाहीतर तुम्हाला योग्य वाटेल तिथे.' त्या दुसऱ्या वाक्याचा आम्ही फायदा घेतला. संध्याकाळी ऐन अभ्यासाच्या वेळी वीज जायची, म्हणून चार्जिंगचे चार दिवे घेतले, २,५६० रुपयांचे. डिसेंबरात सरकारी दवाखान्यात सगळ्यांचे डोळे तपासून आणले. पाच जणांना चष्मे लागले, त्यांचे २,२५० रुपये. पाचपैकी तीन चष्मे आज्यांचे आहेत. मुलांसाठीच्या पैशांतून आजीला चष्मा कसा, असं कुणी विचारू शकेल. पण सहा महिने त्या पोरांचं डोकं विंचरणारी, ताप आलाय का बघणारी, गोळीच्या पाकिटावरचं नाव ओळखणारी तीच असते. मला विचाराल तर या हंगामातला सगळ्यात सत्कारणी लागलेला खर्च तोच.

उरलं ते फोनचं. ८५९ रुपयांचं रिचार्ज एका साध्या मोबाइलमध्ये टाकून तो खोलीवर ठेवला. रात्री आई-वडिलांना फोन लागेलच याची खात्री नसे, कारण फडात गाडी आली की ती भरूनच कोपीवर परतायचं, मग कितीही वाजोत. म्हणून उलटं केलं: त्यांना जमेल तेव्हा त्यांनी मिस्ड कॉल द्यायचा आणि इकडून लावायचा. हे चाललं.

असे एकूण २९,१८९ रुपये खर्च झाले. ८११ रुपये शिल्लक आहेत, ते जूनमध्ये वह्यांना वापरू.

आता परिणामाचं. या १७ मुलांपैकी ८ जण गेल्या हंगामात आई-वडिलांबरोबर फडावर होते. यंदा त्या ८ पैकी ७ जण शेवटपर्यंत गावात राहिले. हजेरीपटावर ते स्पष्ट दिसतं. अभ्यासाबद्दल मात्र मोठा दावा करत नाही. चौथीतला एक मुलगा, ज्याचे मागचे दोन्ही हंगाम शाळेबाहेर गेले होते, तो आता हातच्याची वजाबाकी न चुकता करतो. जोडाक्षर आलं की अजून अडखळतो. एका हंगामात एवढंच होतं, आणि पुढच्या हंगामात तो पुन्हा गेला तर त्यातलंही काही पुसलं जाईल.

एक मुलगी जानेवारीत गेली. धाकटा भाऊ आठ महिन्यांचा, त्याला सांभाळायला तिकडे कुणी नव्हतं, म्हणून आई येऊन तिला घेऊन गेली. आम्ही समजावून पाहिलं, पण त्या आईपुढे दुसरा मार्ग काय होता हे आम्हालाही सांगता आलं नाही. शाळेतून तिचं शिक्षण हमी कार्ड काढून सोबत दिलं. त्यावर तिला कारखान्याजवळच्या जिल्हा परिषद शाळेत बसू दिलं, ती अधूनमधून जातही होती. आता परत आली आहे, इथल्या वर्गात आहे.

मुलांची नावं आणि फोटो मुद्दाम पाठवत नाही. जेवणाऱ्या पोरांचे फोटो काढायचे नाहीत असं आम्ही पहिल्यापासून ठरवलेलं आहे. किराण्याची, चष्म्यांची बिलं मात्र सोबत जोडली आहेत, सवडीने पाहा.

या पत्रामागे दुसरी काही अपेक्षा नाही. बँकेचा तपशील खाली मुद्दाम दिलेला नाही. पुढच्या हंगामाची जुळवाजुळव आम्ही आमच्या पद्धतीने करूच. त्यासाठी तुम्हाला फोन किंवा आठवणीचे मेल येणार नाहीत. कधी बीडकडे येणं झालं आणि वस्ती पाहावीशी वाटली तर जरूर कळवा, ताईंच्या हातची बाजरीची भाकरी खाऊन जा.

तुम्ही आणि तुमच्या आईंनी या पोरांसाठी जे केलंत त्याबद्दल संस्थेतर्फे, वस्तीतर्फे आणि माझ्यातर्फे मनापासून आभार.

आपला,
दत्तात्रय
सचिव

ता. क.: ८०जी सवलतीसाठी लागणारं १०बीई प्रमाणपत्र ३१ मेपर्यंत याच मेलवर पाठवतो. ही सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते, तेव्हा विवरणपत्र भरताना ते पाहून घ्या. आणि आईंची मोठी पातेली पाठवू का, असं तुम्ही विचारलं होतं. पुण्याहून पार्सल करायचा खर्च उगाच अंगावर पडेल. आमच्याकडे सध्या पुरेशी भांडी आहेत. तिकडेच कुणाच्या उपयोगी पडत असतील तर त्यांना द्या.