चालून नाही राहिलं

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

दिनांक : 3 जून
विषय : चालत नसल्याबाबत.
संदर्भ : माझे तीन फोन आणि तुमचा एक मेसेज.

महोदय / महोदया,

स.न.वि.वि. तुमच्याकडून जे घेतलं ते चालून नाही राहिलं. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.

खरं म्हणजे पत्र इथंच संपायला पाहिजे होतं. पण फोनवर तुमच्या माणसांनी जे प्रश्न विचारले, त्यांच्यामुळे पुढचं लिहावं लागून राहिलं आहे.

पहिला फोन नवतपा लागला त्या दिवशी केला. बाहेर पारा पंचेचाळीसच्या पुढे, आणि तुमच्या मुलीचा आवाज अगदी थंडगार. "कौन सा प्रॉडक्ट है, सर?" मी म्हटलं, "वही, जो आपने भेजा." "क्या प्रॉब्लम आ रही है?" "चल नहीं रहा." "ऑर्डर नंबर बताइए." आता ऑर्डर पोरानं पुण्यात बसून त्याच्या मोबाईलवरून केली. नंबर त्याच्याकडे, आणि तो दिवसभर मीटिंगमध्ये. मी त्या मुलीला म्हटलं, बाई, पैसे कापून घेताना तुमच्या कंपनीनं मला एक तरी प्रश्न विचारला होता का? ती म्हणाली, "होल्ड कीजिए." मी सतरा मिनिटं होल्ड केलं. घड्याळ लावून सांगतो आहे. माझं घड्याळ चावीचं आहे, लग्नातलं आहे आणि ते चालतं.

गैरसमज नको म्हणून आमच्या घरी काय काय चालतं तेही लिहून ठेवतो. कूलर चालतो. लोखंडी पत्र्याचा आहे, 1998 साली इतवारीतून घेतलेला. दर मार्चमध्ये मी स्वतः ताट्यांमधलं गवत बदलतो आणि टाकीला आतून रंग मारतो. दोनदा पंप बदलला, मोटर मात्र तीच. मिक्सरचं एक भांडं गळतं, पण मिक्सर चालतो. लिफ्ट चालते, आणि तुमचा डिलिव्हरीवाला पोरगा तिच्यातूनच तिसऱ्या मजल्यावर आला होता. चांगला पोरगा होता. दोन ग्लास पाणी प्यायला, सही घेतली आणि गेला. त्याच्याबद्दल तक्रार नाही. जे तो ठेवून गेला त्याबद्दल आहे.

तुमच्या दुसऱ्या माणसानं विचारलं, "चालत नाही म्हणजे नेमकं काय होतं?" अहो, काय होतं ते मला सांगता आलं असतं तर मीच दुरुस्त केलं नसतं का? तुटलं म्हणत नाही. जळलं म्हणत नाही. चालत नाही म्हणतो आहे. शेजारचे काका येऊन बघून गेले, खालच्या दुकानातला पोरगा येऊन बघून गेला, आमच्या हिनं तर न बघताच सांगितलं की असंच होणार होतं. तिघांचं निदान वेगवेगळं, पण चालत नाही यावर एकमत आहे. ते महत्त्वाचं धरावं.

मी 34 वर्षं एका सरकारी कचेरीत आवक-जावकला काढली. असं पत्र माझ्या टेबलावर आलं असतं तर "तपशील नाही" असा शेरा मारून मी ते परत पाठवलं असतं, हे कबूल. पण तेव्हा मी पगार घेऊन त्रास देत होतो. आता माझेच पैसे गेलेत.

आणि तपशिलाचं काय असतं ते सांगतो. कूलरची मोटर एकदा बसली होती. तेव्हा मी सायकलनं इतवारीत गेलो, दुकानासमोर उभा राहिलो आणि एवढंच म्हटलं, "भाऊ, चालून नाही राहिला." त्यानं नाव विचारलं नाही, पावती विचारली नाही. गल्ल्यावरून मान वर केली आणि आतल्या माणसाला ओरडून सांगितलं, "अरे, त्या मानेवाडावाल्यांकडे जा, कंडेन्सर घेऊन जा." माणूस संध्याकाळी आला, चहा प्यायला, तरी अर्ध्या तासात कूलर सुरू. मी काय विकत घेतलं होतं ते त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तुमच्याकडे म्हणे एवढाले कॉम्प्युटर आहेत.

आता तुमच्या मेसेजविषयी. 31 मेच्या सकाळी आला. "प्रिय ग्राहक, आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे. कृपया आमच्या सेवेला पाच पैकी गुण द्या." कोणत्या तक्रारीचं? काय निराकरण केलं? कुणी केलं? वस्तूचं नाव नाही, बिघाड नाही, ऑर्डर नंबर नाही. म्हणजे तुम्हाला नाव न घेता मिटवता येतं आणि मला नाव न घेता तक्रार करता येत नाही, हा कोणता न्याय? मी जाऊन पाहिलं. चालत नव्हतं. गुण दिले नाहीत.

खोका आणि पावती जपून ठेवा, असं तिसरा माणूस म्हणाला. फार उशिरा म्हणाला. खोक्यात हिनं आंबे पिकत घातले होते, त्याचा तळ ओला झाला आणि तो रद्दीवाल्याला गेला. पावती आतच होती असं वाटतं.

कायदा मी वाचला आहे. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत द्यायची आणि एक महिन्यात निवारण करायचं. हे तुमच्या पदाचंच काम आहे, म्हणून पत्र तुमच्या नावे. ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवला आहे (फ्रिजही चालतो). 2019 च्या कायद्यामुळे मी राहतो तिथं, म्हणजे नागपुरातच, जिल्हा आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी लागत नाही, वकीलही लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. मी रिटायर्ड आहे, मला वेळच वेळ आहे. भाची वकील आहे. ती म्हणाली, "मामा, आयोगसुद्धा आधी वस्तूचं नावच विचारेल." मी म्हटलं, आयोगाला सांगीन. त्यांनी मला काही विकलेलं नाही. ज्यानं विकलं त्याला मी कायले सांगू?

वाट पोळ्यापर्यंत बघीन. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते आणि रोगराई, भ्रष्टाचार, महागाई, सगळ्याच्या नावानं बडगे निघतात. "घेऊन जा गे मारबत" म्हणत लोक ओरडतात. तिथं तुमच्या नावानं ओरडायला मला तरी तपशील लागणार नाही.

फोन नंबर आणि पत्ता वेगळा देत नाही. तुमचा मेसेज बरोबर येतो, सामानही बरोबर आलं होतं. माणूस पाठवाल तर दुपारी एक ते चार पाठवू नका. एक तर ऊन फार असतं आणि त्या वेळी आम्ही झोपलेले असतो. सकाळी नऊच्या आत पाठवला तर पोहे मिळतील.

कळावे.

आपला,
मानेवाड्याचा ग्राहक
तिसरा मजला, नागपूर

ता. क. – हे वाचून दाखवल्यावर हिनं विचारलं, की आपण मागच्या महिन्यात आलेल्याबद्दल लिहून राहिलो की दिवाळीत आलेल्याबद्दल. दोन्ही.