चौथी ‘ब’च्या सगळ्या घरांना दिवाळीच्या शुभेच्छा

नमस्कार मंडळी,

आज वसुबारस. तुम्हा सगळ्यांना, घरच्या आजी-आजोबांना आणि आपल्या चौथी ‘ब’च्या सगळ्या पोरांना दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा! 🪔

काल शाळा सुटताना वर्गाच्या दारात दोन मिनिटं उभी राहिले होते. मुलांनी घोटीव कागदाचे केलेले कंदील बाईंनी एका दोरीला ओवून खिडकीशी लावले होते. कुणाची शेपटी लांब, कुणाची आखूड, एकाची तर निम्मी सुटलेली. प्रत्येक जण आईबाबांचा हात ओढत “तो माझा!” म्हणून दाखवत होता. इतकं छान वाटलं ते बघून!

यंदा इतिहासाला शिवाजी महाराज आहेत, त्यामुळे किल्ल्याचा उत्साह दुप्पट. आमच्या पार्किंगमध्ये सिंहगड उभा राहतोय. विटा रचून झाल्या, त्यावर चिखलात बुडवलेलं पोतं पसरलं. पुणे दरवाजा आणि कल्याण दरवाजा दोन्ही हवेतच, असा मुलांचा हट्ट आहे. चार दिवसांपूर्वी पेरलेल्या मोहरीला आज सकाळी बोटाच्या पेराएवढे कोंब आलेत. मल्हार दात घासायच्या आधी खाली पळाला, ओंजळीनं पाणी शिंपडून आला.

ग्रुपवर फोटो टाकणार असाल तर मुलांनी हातानं केलेलं जरूर टाका. किल्ला, रांगोळी, रंगवलेल्या पणत्या, वाकडीतिकडी करंजीसुद्धा. कपडे, फटाके, भेटवस्तू यांचे फोटो मात्र इथे नकोत, अशी प्रेमाची विनंती. प्रत्येक घरची दिवाळी आपापल्या परीनं होते, आणि आपले फोन मुलंही बघतात. नऊ-दहा वर्षांचं मूल असं काही बघितलं की पटकन मनाला लावून घेतं, हे आपण सगळेच जाणतो.

काही जणांनी विचारलं म्हणून सांगते, बाईंसाठी वर्गणी काढायची नाही. मुलांना वाटलं तर स्वतः केलेलं शुभेच्छापत्र सुट्टीनंतर द्यावं, बाई ते जपून ठेवतात.

पाडव्याला संध्याकाळी पाच वाजता किल्ला बघायला सगळ्यांनी या. मोकळ्या हातानं या, डबे-पुडे काही आणू नका. चिवडा आणि चहा आमच्याकडे आहे. तुमच्याकडेही किल्ला असेल तर कळवा, भाऊबीज झाली की पोरांना घेऊन एकेक बघायला येऊ. जी कुटुंबं गावाला निघालीत त्यांनी सांभाळून जा, तिकडच्या किल्ल्यांचे फोटो पाठवा.

नरक चतुर्दशीला पहाटे उठवताना मुलांनी कुरकुर केली तर कारीट फोडायचं आमिष दाखवा, आमच्याकडे दरवर्षी लागू पडतं.

शुभ दीपावली!

मल्हारची आई