विनानोटीस ओढून नेलेली दुचाकी परत मिळण्याबाबत व कर्जखात्याचा उतारा मिळण्याबाबत

दिनांक : 15 डिसेंबर 2025

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
दुचाकी कर्ज विभाग, परभणी शाखा

अर्जदार : माधव किशनराव घुगे, रा. चारठाणा, ता. जिंतूर, जि. परभणी
कर्जखाते : शेवटचे चार अंक 6082
वाहन : एमएच 22 पासिंगची दुचाकी, शेवटचे चार अंक 4173

महोदय,

शुक्रवारी, 12 डिसेंबरला सकाळी जिंतूरच्या मोंढ्यासमोर माझी दुचाकी दोन माणसांनी माझ्यादेखत नेली. दुधाच्या दोन्ही भरलेल्या किटल्या त्यांनी दोर सोडून रस्त्याच्या कडेला ठेवल्या, हातातली चावी हिसकावून घेतली आणि "गाडी पेंडिंगमध्ये दाखवतेय, काय ते साहेबांशी बोला" एवढेच सांगितले. ओळखपत्र मागितले, दाखवले नाही. कंपनीचे पत्र मागितले, तेही नाही. ताबा घेतल्याची साधी चिठ्ठीसुद्धा दिली नाही. रोजचे गिऱ्हाईक आजूबाजूला उभे होते. चोर असल्यासारखी वागणूक मला चारचौघांत मिळाली, ती मी विसरणार नाही.

गाडीसाठी मी आपल्याकडून 72,000 रुपये कर्ज घेतले. हप्ता 3,660 रुपये, दर महिन्याच्या 5 तारखेला, एकूण 24 हप्ते. मार्च 2025 पासून डिसेंबरपर्यंतचे दहाही हप्ते, म्हणजे 36,600 रुपये, भरलेले आहेत. डिसेंबरचा हप्ता 5 तारखेलाच खात्यातून कापला गेला आणि पुढच्या आठवड्यात गाडी गेली. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत आमच्याकडे शेतात काही उरले नाही, तरीही हप्ता थांबू दिला नाही, कारण दूध पोचवायला हीच गाडी आहे आणि घर दुधावर चालते.

घोळ सप्टेंबरच्याच हप्त्यात झाला असावा, असे मला वाटते. खात्यात शिल्लक असूनही त्या महिन्यात आपल्याकडून रक्कम उचलली गेली नाही. आपल्या प्रतिनिधीचा फोन आल्यावर मी 9 सप्टेंबरला शाखेत येऊन रोख 3,660 भरले व शिक्क्याची पावती घेतली. ती रक्कम माझ्या खात्यावर चढवलीच नसेल आणि वर दंड लागत गेला असेल, तर तो दोष माझा नाही. पावतीची व पासबुकाची प्रत सोबत आहे. एकदा ताळा करून पाहावे.

समजा आपल्या हिशेबाने काही थकबाकी निघत होती, तरी आधी लेखी कळवायला हवे होते. मला ना पत्र आले, ना नोटीस, ना मोबाईलवर मेसेज. रिझर्व्ह बँकेच्या उचित व्यवहार संहितेप्रमाणे ताब्यापूर्वीच्या नोटिशीची मुदत, ती कोणत्या परिस्थितीत माफ होते, ताबा घेण्याची पद्धत आणि विक्रीपूर्वी कर्जदाराला द्यायची शेवटची संधी हे सगळे करारात लिहिलेले असावे लागते. आपण कोणत्या कलमाखाली गाडी नेली ते कलम मला दाखवा. वसुलीसाठी दांडगाईची माणसे पाठवू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर या 2007 च्या निकालात बजावले आहे.

म्हणून माझी मागणी अशी की हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत गाडी होती त्या स्थितीत परत द्यावी, ओढून नेण्याचा किंवा यार्डातल्या भाड्याचा एक रुपयाही माझ्यावर लावू नये. डिकीत आरसी, विम्याचा कागद आणि दुधाच्या उधारीची वही आहे. वहीत गावातल्या लोकांचा हिशेब आहे, ती हरवली तर माझे पैसे बुडतील, तेव्हा ती गाडीची वाट न पाहता आजच द्यावी. तोपर्यंत गाडी विकू नये, लिलावात काढू नये आणि सिबिलकडे माझी थकबाकी कळवू नये.

कर्ज दिल्याच्या दिवसापासून आजपर्यंतचा पूर्ण उतारा शिक्का-सहीसह द्यावा. त्यात प्रत्येक हप्ता कोणत्या तारखेला जमा धरला, मुद्दल किती, व्याज किती, दंड व बाउन्सचा आकार कधी आणि कशापोटी लावला हे स्पष्ट दिसावे. नुसता "एकूण येणे" असा आकडा मला चालणार नाही. त्यासोबत कराराची मराठी प्रत, वसुली एजन्सीचे नाव, तिला दिलेले अधिकारपत्र आणि गाडी सध्या कोणत्या यार्डात आहे ते लेखी कळवावे.

घटनेचा अर्ज मी पोलीस ठाण्यात दिला आहे, पोच जवळ आहे. सात दिवसांत गाडी मिळाली नाही तर परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात भरपाईसह दावा दाखल करीन. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडेही तक्रार करीन. गाडीअभावी रोज भाड्याच्या ऑटोने दूध न्यावे लागते, तो खर्चही मी मागणार आहे.

पुढचा हप्ता 5 जानेवारीला ठरल्याप्रमाणे भरायची माझी तयारी आहे.

आपला,
माधव किशनराव घुगे
(सही)

सोबत : 9 सप्टेंबरची पावती, पासबुकाची पाने, पोलीस अर्जाची पोच, आधारकार्डाची प्रत
प्रत माहितीसाठी : तक्रार निवारण अधिकारी, मुख्य कार्यालय (स्पीड पोस्टाने)